जर्मन कुपीवरचं टिंब

बेळगाव, मंगळवार, ता. १६ नोव्हेंबर १९१५.
धुके दुपारी बारापर्यंत. दवाखान्यात खरूज व हिवताप नेहमीप्रमाणे. शहापुराहून घटसर्पाची मुलगी आणली, वय चार. जर्मन कुप्या फोडल्या. दुपारची मिरजेची गाडी वेळेवर गेली. घरी येण्यास उशीर. सासूबाई जेवावयाच्या थांबल्या होत्या.

त्या दिवसाचं जयाबाईनं एवढंच लिहून ठेवलं. ती रोज लिहायची आणि थोडकंच लिहायची. पाऊस किती, भाजी कुठली, कोण आलं, कोण गेलं. हे वळण कॉन्व्हेंटात लागलेलं. तिचे वडील छावणीच्या कोठारात कारकून होते आणि त्यांच्या घराची मागची भिंत कॉन्व्हेंटच्या बागेला लागून होती. मुलीला तिथं घातलं तेव्हा नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. वडील म्हणाले, मुलगी बिघडलीच तर हाकेच्या अंतरावर तरी बिघडेल. ती काही बिघडली नाही. इंग्रजी वाचायला शिकली, सरळ टाके घालायला शिकली, आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब चार ओळींत मांडायला शिकली.

पुढं तिला नंदगडच्या एका शाळामास्तराला दिली. मास्तर शांत माणूस होता, संध्याकाळी ओट्यावर बसून तिला नकाशे दाखवायचा. चौथ्या वर्षी प्लेग आला आणि तीन दिवसांत तो गेला. त्याची आई रुक्माबाई आणि जयाबाई, अशा दोघीच उरल्या. माहेरच्या ओढीनं म्हणा की पोटाच्या, त्या बेळगावात आल्या आणि छावणीच्या अलीकडे दोन खोल्यांत राहू लागल्या. सिस्टरनी जयाबाईला दवाखान्यात बोलावलं, आधी पट्ट्या गुंडाळायला, मग बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला, मग आजाऱ्यांपाशी बसायला. रुक्माबाईला ते फारसं आवडलं नव्हतं. पण सकाळी भाकरी बांधून देताना ती एवढंच म्हणायची, “पांढऱ्या झग्यावाल्या बायांकडं जातीस, पर येताना अंग धुवून घरात पाऊल टाक गं बाई.”

दवाखाना म्हणजे तीन कौलारू खोल्या आणि पुढं एक लांब ओसरी. तिथल्या मुख्य सिस्टर अगाथा, आयर्लंडच्या, उंच, लाल हातांच्या. कंपौंडर शामू, येळ्ळूरचा, मुंबईला शिकून परीक्षा दिलेला. त्याच्या मिशीला नेहमी कापराचा वास यायचा. याच्या आधी इथं जर्मन सिस्टर होत्या. युरोपात लढाई लागली आणि वर्षाच्या आत त्यांना जावं लागलं. जाताना त्यांनी किल्ल्या मोजून दिल्या, गुलाबांना पाणी घालून गेल्या, आणि मागच्या गार खोलीत ओल्या वाळूच्या मडक्यात काही काचेच्या कुप्या तशाच राहिल्या. त्या कशाच्या, हे नाव पाहून कळत होतं. जर्मन काय नि इंग्रजी काय, घटसर्पाचं नाव दोन्हीकडे जवळजवळ एकच. पण त्यानंतर घटसर्पाचा रोगी आलाच नव्हता, म्हणून वाळू ओली करण्यापलीकडे कुणी त्यांना हात लावला नव्हता.

मंगळवारी सकाळी धुकं असं दाटलं होतं की फाटकापाशी उभं राहून ओसरी दिसत नव्हती. बेळगावात कार्तिकात असं होतं. माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात. जयाबाईला आधी टांग्याच्या घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं, मग आणखी एक आवाज. ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा, थांबत थांबत येणारा. ती झाडू हातात घेऊन ऐकत राहिली. तो आवाज जवळ आला, धुक्यातून एक शाल आली, शालीत एक मूल होतं, आणि आवाज त्या मुलाच्या गळ्यातून येत होता.

मुलीचं नाव चंदना. आई राजमती तिला घेऊन आठवड्यापूर्वी माहेरी, शहापुरात आली होती. पोरगी घसा दुखतोय म्हणाली त्याला आज तिसरा दिवस. बाप तवनाप्पा निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी. निरोप मिळताच तो रात्रभर भाड्याच्या टांग्यात बसून पहाटे पोचला होता, आणि सासऱ्याच्या घरात पाणीसुद्धा न पिता त्याच टांग्यात बायकोला आणि पोरीला घालून इकडं आला होता. त्याच्या अंगाला तंबाखूचा गोडसर वास होता. कपड्यांवर रस्त्याची तांबडी धूळ धुक्यानं भिजून चिकटली होती.

सिस्टर अगाथांनी चमच्यानं जीभ दाबून घसा पाहिला. दोन्ही बाजूंना राखाडी कातडं धरलं होतं आणि ते पडजिभेपर्यंत गेलं होतं. मान सुजून हनुवटीशी एक झाली होती. त्यांनी चमचा उकळत्या पाण्यात टाकला. घटसर्प होता, आणि तो सगळ्यांनाच दिसत होता.

या रोगावर औषध एकच, ते म्हणजे सीरम. गावात दोन ठिकाणी माणूस धाडून झाला, दोन्हीकडे नव्हतं. बोटी लढाईला लागलेल्या, मुंबईचा माल कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मिरजेच्या मिशन इस्पितळात मात्र असणार, आणि तिथं वेळ पडली तर गळ्याला छेद देऊन नळीही बसवतात. मिरजेची गाडी दुपारी बाराला होती. टांगेवाल्याला थांबवून ठेवलं होतं.

तेव्हा शामूनं मागच्या खोलीतून मडकं आणलं. वाळू बाजूला केली. कुप्या दोन निघाल्या, करंगळीएवढ्या, आत फिकट पिवळं, गाळ नसलेलं पाणी. वरच्या चिठ्ठीवर मुदत होती, ती अजून सरली नव्हती. त्याखाली छापलं होतं, 3.000, आणि पुढं दोन अक्षरं, युनिटाची खूण असावी अशी.

शामूनं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात औषधाचा जोर युनिटांत सांगितला होता. रोग तिसऱ्या दिवसावर असेल, मान सुजली असेल, तर निदान 6,000 युनिट एकदम द्यावीत.

“आणि यात तीन,” शामू म्हणाला. “दोन कुप्या फोडल्या तर सहा. सहा हजाराच्या जागी सहा.”

सिस्टरनी विचारलं, तीन की तीन हजार. शामूनं चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. तीनच्या पुढं टिंब होतं, चांगलं ठसठशीत, आणि त्याच्या पुढं तीन शून्यं. टिंबाच्या पुढचं सगळं अपूर्णांकात जातं, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक. हजार लिहायचे असते तर पुस्तकात आहे तसा स्वल्पविराम असता. मग एवढी शून्यं कशाला, असं जयाबाईनं विचारलं, तर त्यालाही शामूपाशी उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं. औषध तोलताना तो स्वतः असंच लिहायचा. नुसतं तीन लिहिलं तर अंदाजे तीन. तीन टिंब शून्य शून्य शून्य लिहिलं तर अगदी केसभरही इकडं-तिकडं नाही. दुसरी सीरमं तपासायला प्रयोगशाळेत थोड्या जोराचं, नेमकं मोजलेलं सीरम ठेवतात, त्यातलंच हे असणार. जर्मन माणूस मोजायला बसला की तिसऱ्या घरापर्यंत मोजतो, असं तो म्हणाला.

सिस्टर अगाथांना ते पटलं. त्यांनी आयर्लंडात आणि इंग्लंडात आयुष्य घालवलं होतं, आणि तिथं टिंबाचा अर्थ हाच होता. त्या म्हणाल्या, टोचायला हरकत नाही, टोचूच. पण प्रश्न टोचण्याचा नव्हता. हा रोग गळा आवळतो तसा काळजालाही धरतो. अशा पोरीला उताणी, न हलवता ठेवायचं असतं. टांग्यात, गाडीच्या धक्क्यांत, पाच-सहा तास नेली तर रस्त्यातच ती गप्प होईल, अशी त्यांनी दोन मुलं पाहिली होती. कुप्यांत खरा जोर असेल तर टोचून इथंच पडू द्यायची. जोर नसेल तर मिरजेची आशा सोडून तिला इथं ठेवणं म्हणजे हातानं मारणं.

हे सगळं जयाबाईनं मराठीत करून सांगितलं. तवनाप्पा खांबाला टेकून ऐकत होता. त्याला कानडी येत होती, मराठी येत होती, तंबाखूच्या पानाला हात लावून ते कुठल्या शेतातलं हे सांगता येत होतं. इथं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

“आक्का,” तो म्हणाला, “मला त्यातलं काय कळत न्हाय. जायाचं का ऱ्हायाचं, तेवढं सांगा.”

सिस्टर किटली चुलीवर ठेवायला गेल्या, पोरीला वाफ द्यायला. शामू सुई उकळायला लागला. जयाबाईनं एक कुपी उचलली आणि आत अंधार आहे म्हणून ओसरीवर गेली.

धुकं आता पांढरं झालं होतं. कुठंतरी वर ऊन होतं आणि ते खाली न पोचता सगळीकडे सारखं पसरलं होतं. झाडांना बुंधे नव्हते. गुलाबांचे ताटवे अर्धवट पुसल्यासारखे होते. जयाबाईची रात्री झोप नीट झाली होती, तरी तिला वाटलं आपण अजून उठलो नाही. असं तिला कधी कधी व्हायचं, नंदगडहून आल्यापासून. हातातलं काम चालू असायचं आणि ती स्वतः थोडी दूर, पाण्याच्या पलीकडे बसल्यासारखी. त्या सकाळी तिला नवरा आठवला. प्लेगच्या वेळी ती अशीच ओट्यावर उभी होती, पण हातात काही नव्हतं. वाचायला काहीच नव्हतं. कुणी तिला विचारलं नव्हतं की जायचं की राहायचं. आता हातात चिठ्ठी होती आणि ती वाचता येत नव्हती.

जर्मन तिला येत नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी वाचायच्या भानगडीत पडलीच नाही. नुसती पाहत राहिली, रांगोळी पाहावी तशी. काचेतून पिवळं पाणी हलत होतं आणि त्याच्यावर बारीक काळी अक्षरं. वरच्या ओळीत नाव. मधल्या ओळीत तो आकडा, टिंबासकट. आणि अगदी खाली, काचेच्या वळणावर, आणखी एक आकडा होता, जो कुणी वाचलाच नव्हता. सहा, मग काहीतरी, मग शून्य. ते ‘काहीतरी’ टिंब नव्हतं. त्याला शेपूट होतं.

तिनं कुपी तिरकी धरली. वरचं टिंब गोल, कोरड्या मुगासारखं. खालचं मोड आलेल्या मुगासारखं. एकाच चिठ्ठीवर दोन निरनिराळी चिन्हं.

ती आत गेली आणि शामूला म्हणाली, खालची ओळ बघा. शामूनं चष्मा पुसला. 6,0 असं होतं, पुढं घन सेंटिमीटरची अक्षरं, ती त्याच्या पिचकारीवरही होती, म्हणून ओळखीची. म्हणजे आत पाणी किती आहे त्याचं माप. तो म्हणाला, छापताना शाई ओघळली असेल. दुसरी कुपी पाहिली, तिच्यावरही तेच शेपूट, त्याच जागी, त्याच वळणाचं. मग म्हणाला, हा स्वल्पविराम आहे हे खरं, पण त्याच्या पुढं एकच शून्य. हजाराचा स्वल्पविराम असा असत नाही, त्याला पुढं तीन घरं लागतात.

“तेच म्हणते मी,” जयाबाई म्हणाली. “हजाराचा नाही. मग कशाचा?”

शामू म्हणाला की मोजूनच बघू, अंदाज कशाला. पिचकारी उकळून तयार होती. त्यानं कानशीनं कुपीच्या मानेवर रेघ ओढली, कापडात धरून मान मोडली, आणि सुईनं आतलं सगळं पाणी हळूहळू वर ओढून घेतलं. काचेच्या नळीवर दहापर्यंत रेघा होत्या. पिवळं पाणी चढत चढत सहाव्या रेघेशी आलं आणि थांबलं. कुपी रिकामी झाली होती, तळाशी एखादा थेंब चिकटून होता तेवढाच.

सहा. साठ नव्हे, सहाशे नव्हे. सहा आणि वर शून्य दशांश.

“म्हणजे शेपटीवाला दशांशाचं काम करतोय,” शामू पिचकारीकडे बघत म्हणाला. “त्यांच्यात स्वल्पविराम म्हणजे आपलं टिंब.”

“मग त्यांचं टिंब म्हणजे काय?” जयाबाईनं विचारलं.

शामूला कळलं होतं, पण तो घाईनं हो म्हणणारा माणूस नव्हता, आणि इतक्या मोठ्या गोष्टीला घाईनं हो म्हणू नये हेही बरोबरच होतं. तो म्हणाला, एखादा माणूस दोन्ही चिन्हं दशांशासाठीच वापरत असेल. मी नाही का, कधी सात असा काढतो, कधी तसा. जयाबाईला आतून वाटत होतं की हे असं नाही, पण वाटण्यावर एका पोरीला इथं ठेवून घ्यायची तिची छाती होत नव्हती.

तवनाप्पा खांब सोडून दारात आला होता. त्यानं विचारलं, भांडण कशाचं आहे. जयाबाईनं त्याला दोन्ही चिन्हं दाखवली, हा कोरडा मूग, हा मोड आलेला. हा मोडाचा दशांशाचा, हे मोजून झालं. आता प्रश्न असा की हा कोरडाही दशांशाचाच का. तसा असेल तर जायचं. तो हजाराचा असेल तर राहायचं.

तवनाप्पानं चिठ्ठी हातात घेतली नाही. लांबूनच बघितली.

“हे हातानं लिवलंय का छापलंय?”

“छापलेलं आहे.”

“मग दोन कामं हायत त्येंची,” तो म्हणाला. “आमच्या निपाणीचा शेर येगळा, संकेश्वरचा शेर येगळा. पर एका दुकानात दोन शेर ठेवलं तर गिऱ्हाईक मारंल की दुकानदाराला. एकाच दुकानात दोन मापं दिसली, तर एक तंबाखूचं असतंय अन् एक तेलाचं. दोन्ही तंबाखूची नसत्यात.”

शामूनं वर पाहिलं. मग त्यानं पुस्तकातला तो 6,000 पुन्हा एकदा वाचला आणि कुपीवरचा 3.000 वाचला, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. जयाबाईला नंतर आठवायचं की तो त्या वेळी हसला, पण ते हसू नसावं.

“तीन हजार,” तो म्हणाला. “दोन कुप्या. सहा हजार.”

सिस्टर अगाथा किटली घेऊन आल्या. त्यांनी दोन्ही चिन्हं पाहिली, पिचकारीतली सहावी रेघ पाहिली, आणि फक्त मान डोलावली. खात्री अशी कुणालाच नव्हती. इतकंच होतं की एका बाजूला आता जरा जास्त उजेड होता.

“राहा,” जयाबाई तवनाप्पाला म्हणाली.

राजमती एवढा वेळ पोरीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. तिनं आता पहिल्यांदा तोंड उघडलं. हे पाणी कशाचं, असं तिनं विचारलं. राजमतीचं घर जैनांचं, जीवहिंसा न चालणारं, आणि या प्रश्नाला किती खोल मुळं आहेत ते जयाबाईला ठाऊक होतं. पण लपवणं तिला जमलं नाही. घोड्याच्या रक्तातलं, ती म्हणाली. घोड्याला रोगाचं विष थोडं थोडं देतात, त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो, मग रक्त काढून वरचं पाणी घेतात.

“घोडं मारत्यात?” राजमतीनं विचारलं.

“नाही. घोडा जगतो. पुन्हा गवत खातो.”

राजमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तवनाप्पा भिंतीकडे बघत होता. “त्यो जगतोय न्हवं,” राजमती म्हणाली, “मग माझी पण जगू दे,” आणि तिनं पोरीच्या पाठीवरचं झबलं वर केलं.

दोन्ही कुप्या टोचल्या. चंदनाला ओरडायलाही आवाज नव्हता, नुसते डोळे मोठे झाले. मग तिला कोपऱ्यातल्या खाटेवर उताणी निजवली, भोवती चादरी बांधून तंबू केला, आणि किटलीची नळी आत सोडली. टांगेवाल्याला जायला सांगितलं. बाराच्या सुमाराला धुकं विरलं, ऊन ओसरीवर आलं, आणि स्टेशनच्या बाजूनं शिट्टी झाली, लांब, एकदा, मग पुन्हा. तवनाप्पा उठून उभा राहिला. गाडीचा आवाज कमी होत होत नाहीसा झाला तरी तो उभाच होता. जयाबाई त्याच्याकडे न बघता निलगिरीची पानं किटलीत टाकत राहिली.

त्यानंतरचे दोन दिवस जयाबाईला एकाच लांब दुपारसारखे आठवायचे. वाफ छताला जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडत होती. चादरींच्या आत सगळं पांढरं, ओलं, निलगिरीच्या वासाचं, आणि मध्ये ते छोटं सुजलेलं तोंड. ती आत बसायची तेव्हा तिला वाटायचं आपण एका होडीत आहोत आणि होडी चालली आहे, पण काठ कुणी सांगितलेला नाही. करवत चालायची, थांबायची. थांबली की तिचंही सगळं थांबायचं, आणि पुन्हा चालू झाली की ती कपडा पिळून कपाळावर ठेवायची. राजमती पलीकडे बसून ओठ हलवत असायची. एकदा राजमतीला डुलकी लागली आणि तिचं डोकं जयाबाईच्या खांद्यावर आलं. जयाबाईनं खांदा हलवला नाही.

बुधवारी पोरीचं काहीच बदललं नाही. मान तशीच, ताप तसाच. शामू दर तासाला येऊन घसा पाहायचा आणि कातडं कुठपर्यंत आलंय त्याची खूण मनात धरून जायचा. जेवायला तो घरी गेलाच नाही. एकदा ओसरीवर तो जयाबाईला म्हणाला की त्याला आता आपल्या बाटल्यांवरचे आकडेसुद्धा धड वाटेनासे झालेत. टिंब दिसलं की ते त्याच्याकडे बघतंय असं वाटतं. संध्याकाळी तो पुन्हा आला, बराच वेळ वाकून पाहत राहिला, आणि उठून म्हणाला, “सकाळी होतं तिथंच आहे.”

“मग?” तवनाप्पानं विचारलं.

“वाढलं नाही. वाढायला हवं होतं.”

तवनाप्पाला यातलं बरं कुठलं आणि वाईट कुठलं ते कळलं नाही. जयाबाईनं त्याला समजावलं. तो ओसरीवर जाऊन बसला, आणि थोड्या वेळानं खांबाला टेकूनच झोपला, निपाणीहून निघाल्यापासून पहिल्यांदा.

गुरुवारी सकाळी जयाबाई आली तेव्हा करवत चालत नव्हती. तिचे पाय फाटकातच थांबले. धुकं होतंच. ती ऐकत उभी राहिली, आणि काहीच ऐकू येईना. मग ती आत गेली. चादरी वर केलेल्या होत्या. सिस्टर अगाथा खाटेपाशी वाकल्या होत्या, शामू हातात चिनीमातीचं भांडं घेऊन उभा होता, आणि भांड्यात ते राखाडी कातडं होतं, ओल्या कागदासारखं, कडा गुंडाळलेलं. पहाटे पोरीला ठसका लागला आणि ते सुटून आलं होतं. ती झोपली होती. तिचा श्वास ऐकू येत नव्हता, कारण तो आता न अडखळता चालला होता.

नऊच्या सुमाराला चंदनानं डोळे उघडले. आवाज खरखरीत, पण आवाज होता.

“आई, इथं कसला घाण वास येतोय?”

राजमती हसायला लागली आणि तिचं हसू थांबेना. चादरीत तोंड घालून ती हसत राहिली, खांदे हलत राहिले. तवनाप्पानं पोरीचा पाय धरला होता. सिस्टरनी लगेच दटावलं की तिला उठून बसवायचं नाही, तीन आठवडे अशीच उताणी, कितीही रडली तरी. आणि आठ-दहा दिवसांनी या औषधानं अंगावर गांधी उठतील, खाज येईल, तेव्हा घाबरून पुन्हा टांगा काढू नका. हे जयाबाईनं मराठीत करून दोनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली. विहिरीवर अंग धुतलं आणि घरात गेली. रुक्माबाई चुलीपुढं होती. तिनं मागं वळून न बघताच विचारलं, “जगली?”

“जगली.”

रुक्माबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. “ताटं वाड आता. दोन दिस धड गिळलं न्हाईस तू.”

जेवण झाल्यावर जयाबाईनं चिमणी लावली. हवेत गारठा होता. बाहेर धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं, आणि शेजारची यशोदाबाई अजून अंगणात कुणाशी तरी बोलत होती. जयाबाईनं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं,

गुरुवार, ता. १८. मुलीच्या घशातील कातडे सुटून पडले. ताप उतरला. घरी जात्याचे दगड गुळगुळीत झालेले, त्यांना टाकी लावून घेतली. पीठ आता बारीक पडते.